प्लॅनिंगमधून पुन्हा मेंटेनन्सला

भीमराज साळवे नगरच्या एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होते. मशीन बंद पडलं की आवाजावरून दोष सांगायचे. गेल्या वर्षी साहेबांनी त्यांना बढती देऊन प्लॅनिंगमध्ये घेतलं. कोणत्या मशीनवर कोणता भाग कधी घ्यायचा, याचा आठवड्याचा तक्ता कॉम्प्युटरवर करायचा, असं काम. सोनईजवळच्या त्यांच्या गावात बातमी गेली तेव्हा विहारात शाल देऊन सत्कार झाला. आई, कलाबाई, भेटेल त्याला सांगायची, "आमचा भीमा आता हापिसात हाय."

पाच महिन्यांत भीमराजांची झोप उडाली. तक्त्यातला एक आकडा बदलला की खालचे सगळे हलायचे. मीटिंगमध्ये काही विचारलं की ते कागद चाळत बसायचे. बायकोला, सविताला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर सायली गायकवाड बसायची. वयानं त्यांच्या मुलीएवढी, पण तक्त्यात तरबेज. एका दुपारी कॅन्टीनमध्ये तिनं सहज विचारलं, काका, जेवत का नाही? भीमराजांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बोलायला लागले. इथं जीव रमत नाही, कॉम्प्युटर म्हणजे शिक्षा, राजीनामा द्यावा वाटतो, आपली लायकीच नव्हती. बरंच काही बोलले. पोरीपुढं हे बोलायला नको होतं, असं वाटून त्यांनी डबा बंद केला.

सायली म्हणाली, "राजीनामा कशाला? बदली मागा. पण इथलं काय नको आहे ते लिहू नका. तिथं जाऊन काय करणार ते सांगा."

ती विचारत गेली, भीमराज सांगत गेले. मशीन बंद पडायची वाट बघण्याऐवजी आधीच तपासायची यादी करता येईल. दोन जुन्या लेथ मशीनना वर्षभर तोच त्रास आहे, मूळ कारण मला माहीत आहे. नव्या पोरांना शिकवीन. प्लॅनिंगमध्ये एक गोष्ट मात्र कळली, की एक मशीन थांबलं तर पुढं किती जणांचं काम अडतं. सायलीनं तेच नीट मांडून इंग्रजीत मेल लिहिला आणि मराठीत वाचून दाखवला. वरिष्ठांचे आभार, मेंटेनन्समध्ये रिकामी असलेली जागा, तिथं आपला उपयोग काय, आणि शेवटी, इथलं काम दुसऱ्याच्या हाती नीट देईपर्यंत मी थांबेन. तक्रारीचा एक शब्द नव्हता. सगळं भीमराजांनीच सांगितलेलं होतं, तरी ऐकताना त्यांना वाटलं, हा कोणी दुसराच शहाणा माणूस बोलतोय.

मेल बढती देणाऱ्या साहेबांना, प्लॅनिंगचे प्रमुख कानिफनाथ शेळके यांना गेला, प्रत एचआरला. दुसऱ्या दिवशी शेळकेंनी केबिनमध्ये बोलावलं. मेल चांगला आहे, म्हणाले, पण खरं कारण काय?

भीमराजांची मान खाली गेली. "साहेब, मला हे काम जमत नाही. तुम्ही विश्वास टाकला होता. मी आधीच सांगायला पायजे होतं."

शेळके म्हणाले, "तुमच्या तक्त्यातल्या चुका सायली रोज सुट्टी झाल्यावर थांबून दुरुस्त करते. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

हे मात्र भीमराजांना माहीत नव्हतं. ती कंपनीची बस सोडून रोज का थांबते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते बाहेर आले आणि आभार मानायला तिच्या टेबलाजवळ उभे राहिले. सायलीनंच वर पाहिलं आणि म्हणाली, "काका, माझी चूक झाली, मी आधीच सांगायला हवं होतं." त्यामुळे त्यांना आणखीच खजील वाटलं.

मेंटेनन्सच्या प्रमुखांनी अर्धा तास मुलाखत घेतली, तीही मशीनपाशी. एचआरनं मंजुरी दिली, बढतीचा हुद्दा तसाच ठेवून. सहा आठवडे काम समजावून द्यायचं ठरलं. त्या सहा आठवड्यांत भीमराज रोज सायलीसोबत थांबले, स्वतःची चूक स्वतः शोधायला शिकले. उशिरा शिकलो, हे त्यांना बोचत राहिलं.

घरी सविताला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाच महिनं मला काहून सांगितलं न्हाई?" आईला सांगायचं धाडस तर अजून झालेलं नाही. गावी गेले की ती शेजारच्या साळूबाईला "भीमा हापिसात हाय" म्हणून सांगते, आणि भीमराज उठून गोठ्याकडं जातात.