न दिलेली हरकत

विजेचे दर ठरवणाऱ्या वीज आयोगाचा मला पहिल्यापासून राग होता. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी डाळ मिल आहे, आणि माझ्या मिलमध्ये यंत्रं कधी चालवायला परवडतील हे मुंबईत बसलेली तीन माणसं ठरवणार, ज्यांना कधी मत मागायला दारी यावं लागत नाही, हे मला पटत नव्हतं.

त्या वर्षी वीज कंपनीने आयोगापुढे प्रस्ताव ठेवला. रात्रीच्या विजेवरची सवलत काढून ती दुपारी द्यायची, कारण सौर वीज दुपारी असते. ऐकायला झकास. पण माझ्यासारख्या मिलमध्ये दुपारी डाळ अंगणात उन्हात पसरलेली असते. ती संध्याकाळी गोळा होते, मग रात्री यंत्रं चालतात. रात्रीची सवलत गेली की रातपाळी गेली, आणि रातपाळीवर सहा माणसं होती. त्यांचे मिस्त्री जुन्या शहरातले, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मी त्यांना चाचा म्हणतो.

हरकती लेखी मागवल्या होत्या. आमच्या गिरणीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "कागदं काहाले रंगवता? आपून साहेबाले भेटू." साहेब म्हणजे वीज खात्याचे मंत्री. भेटलो, हार घातला, फोटो काढला. साहेबांनी शब्द दिला. हरकतीची मुदत त्याच आठवड्यात संपली आणि आम्ही एक ओळ लिहिली नाही.

सुनावणी अमरावतीला होती. अध्यक्ष उभे राहिले आणि गरजले, "मंत्री म्हणते दर बदलनार नाई. तुमी कोन बदलनारे?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आयोगाच्या तिघांपैकी मधल्या खुर्चीवरच्या बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "वीज विकणारी कंपनी सरकारची. दरही सरकारनेच ठरवला, तर विकणाराही तोच आणि भाव ठरवणाराही तोच. शिवाय निवडणूक आली की भाव गोठणार आणि नंतर एकदम उसळणार. म्हणून कायद्याने हे काम खात्याच्या बाहेर काढलं. सरकारला कुणाला सूट द्यायची असेल तर त्याने कंपनीला आगाऊ अनुदान भरावं. तशी वाट आहे. इथे मात्र जे नोंदीवर आहे त्यावरच निर्णय होईल. नोंदीवर तुमचं काय आहे?"

नोंदीवर आमचं काही नव्हतं. फोटो होता, तो अध्यक्षांच्या मोबाइलमध्ये.

मी उठलो आणि उन्हाचं, डाळीचं, अंगणाचं सांगितलं. बाईंनी पेन उचललं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या अधिकाऱ्याने माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, आणि मला त्याचाही राग आला. "तुमच्या मीटरची तासवार नोंद द्या," त्या म्हणाल्या. "आणखी दोन-चार गिरण्यांची जोडा. सात दिवसांत लेखी द्या, विचार करू."

बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत रिक्षात अध्यक्ष फणफणत होते. "खबरदार कागद देल्ला तं! साहेबाले वाटन, आपला त्याहिच्यावर भरोसा नाई."

घरी येऊन मी तासवार नोंद काढली, अर्जही टाईप केला. आणि दिला नाही. अध्यक्षांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. साहेबांच्या यादीतून नाव जायला नको होतं. सरळ सांगायचं तर मी भित्रा निघालो.

आदेश आला. रात्रीची सवलत गेली. त्या जाडजूड आदेशात आमच्यावर दोन ओळी होत्या: डाळ गिरण्यांची अडचण तोंडी मांडली गेली, मात्र मुदत देऊनही माहिती सादर न झाल्याने विचारात घेता आली नाही.

आम्ही पुन्हा साहेबांकडे धावलो. साहेबांनी हात वर केले. "अहो, आयोग स्वतंत्र आहे. मी काय करणार? दिल्लीच्या न्यायाधिकरणात अपील करा." अनुदानाचं विचारलं तर त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या क्षणी मला कळलं, की ते तीन लोक खात्याबाहेर असणं साहेबांच्याही किती सोयीचं आहे. मी मनातल्या मनात साहेबांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना ऑफिसात बोलावलं. अंगणात बाया डाळ पसरत होत्या. रातपाळी बंद, असं मी सांगितलं.

"मालक, रातपाळी काहून बंद करून राहिले?" त्यांनी विचारलं. "कोनं केलं हे?"

टाईप केलेला अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता.

"आयोगानं," मी म्हणालो.

चाचांनी मान हलवली आणि आयोगाला एक कडक शिवी दिली. मी त्यांना अडवलं नाही.