कावळ्याला गळा साफ करायला मीच लावलं

आमच्या शाळेच्या या वर्षीच्या वार्षिक अंकात भाकरीवाल्या कावळ्याची एक गोष्ट आहे. त्यातला कावळा म्हणजे मी. हे दहावीच्या वर्गाला माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, बायकोलाही पहिल्या चार ओळींत कळलं. कळलं नव्हतं ते फक्त मला, आणि त्या अंकाचा संपादक मीच. एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं हो. पण त्या गोष्टीतले सगळ्यात बोचरे शब्द मीच सुचवून घालायला लावले, ही लाज काही केल्या जात नाही.

मी खामगावपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मराठी शिकवतो. शिकवतो म्हणजे, शाळेत असलो की शिकवतो. देवानं आवाज बरा दिला आहे. त्यामुळे पतसंस्थेची शाखा उघडायची असो, कबड्डीचे सामने असोत की कुणाचा वाढदिवस, माइक माझ्याच हाती. कार्यक्रम नेमके शाळेच्या वेळात असतात. मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, कारण बोलावणारे सगळे वजनदार. घरी शालींचं एक कपाट भरलं आहे. बायको म्हणते, "एवढ्या शाली पांघरायले हिवाळा कुठून आणू?"

तर अंक. दरवर्षी पोरं इकडूनतिकडून उतरवलेले सुविचार आणतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून यंदा विषयच असा दिला की नक्कल करता येऊ नये: प्राण्यांची जुनी गोष्ट घ्या, विनोदी करा आणि तात्पर्य उलटं काढा. आठ दिवसांत ढीग पडला. तहानलेला कावळा स्ट्रॉ मागतो, ससा मोबाइल पाहत बसतो, माकडं टोपीवाल्याला टोप्या ऑनलाइन विकतात. सगळ्यांत एकच खोड. गोष्ट जुनीच, फक्त मोबाइल नवा.

मग मी एक तास घेतला. घेतला, हे मुद्दाम सांगतो. म्हटलं, बाबांनो, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगण्यात शाई घालवू नका. वाचणारा पुढचं ओळखून बसलेला असतो. त्याला तसंच बसू द्या आणि एकाच ठिकाणी वळण घ्या. ते वळण गोष्टीत आधी घडलं पाहिजे, तात्पर्यात नंतर चिकटवलेलं नको. प्राणी प्राण्यासारखाच वागू द्या. आणि तात्पर्य लिहिताना हसायचं नाही. जुन्या पुस्तकात असतं तसं एकदम गंभीर तोंडानं, एका वाक्यात, आणि हसवणारा शब्द शेवटी.

चार दिवसांनी दहावीतली एक मुलगी कागद घेऊन आली. मागच्या बाकावरची, अबोल. आई-वडील दोघं दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. दहावीनंतर पोरीनं शिकावं असं आईला वाटतं, पण बापाचं ठरलं नव्हतं. निकाल पाहून बघू, म्हणाला होता. तिचं काही कधी छापून आलेलं नव्हतं. सोबत तिची मैत्रीण होती, ती उगाचच ओढणी तोंडावर धरून उभी.

गोष्ट अशी. कावळा पिल्लांसाठी भाकर घेऊन झाडावर बसतो. खालून कोल्हा म्हणतो, काय तुमचा आवाज! पण या कावळ्यानं जुनी गोष्ट शाळेत वाचलेली असते. तो भाकर पायाखाली दाबतो आणि मग गातो. कोल्हा उपाशी जातो. कावळा खूश: भाकरही राहिली, तारीफही झाली. दुसऱ्या दिवशी कोल्हा येत नाही. कावळ्याला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तो भाकर चोचीत धरून स्वतःच कोल्ह्याच्या बिळापाशी जातो, ती खाली ठेवतो आणि विचारतो, "आज ऐकणार का?" कोल्हा म्हणतो, "ऐकलं असतं, पण नुसती भाकर? चटणी नाही?"

मी खुर्चीतून उठलोच. अरे, काय डोकं आहे पोरीचं! वाचणारा म्हणतो, आता भाकर पडणार. ती पडत नाही. ती कावळा नेऊन देतो! तीन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी उलटापालट. मला वाटलं, पोरीनं पुढाऱ्यांवर लिहिलं. पिल्लं म्हणजे जनता. काय समजलो मी स्वतःला, देव जाणे.

फक्त तात्पर्य कच्चं होतं. तिनं लिहिलं होतं, "म्हणून आपण स्तुतीला भुलू नये व आपल्या जबाबदारीकडे लक्ष द्यावे." मी म्हटलं, "हे तर सरळ झालं, पोरी. उलटं कर. कावळ्याला उपदेश करू नको, तो ऐकणार आहे का? या सगळ्यात उपाशी कोण राहिलं?"

"पिल्लं, सर."

"मग पिल्लांना उपदेश कर."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिथंच टेबलावर वाकून लिहिलं: "तात्पर्य: ज्यांचा बाप गातो, त्या पिल्लांनी लवकर उडायला शिकावे."

"वा!" मी टेबलावर हात आपटला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभलं असतं. पण अंगात संपादक शिरला होता. म्हटलं, कावळा नुसता गातो, त्यात मजा नाही. विनोद बारकाव्यात असतो. त्याला आधी गळा साफ करायला लाव. मान जराशी तिरपी. आणि लगेच गायचं नाही, आधी थोडे आढेवेढे: "आग्रहच आहे तुमचा, तर..." असं म्हणू दे. मी ते करूनही दाखवलं. मैत्रिणीचे खांदे ओढणीआड गदगदा हलत होते. मी मनात म्हटलं, बघा, विनोद कसा पोचतो ते.

मुलीनं विचारलं, "सर, हे खरंच टाकू?"

"टाक की! काऊन, भीती वाटते का?"

"नाही सर," ती म्हणाली. आणि टाकलं.

पुढच्या आठवड्यात खामगावच्या छापखान्यातून कच्ची पानं आली. दोघी शिक्षकखोलीत बसून काना-मात्रा तपासत होत्या. कावळ्याला पूर्ण पान मिळालं होतं, बाजूला चित्र. मुलगी आपल्या नावावरून बोट फिरवत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. एका दुकानाचं उद्घाटन होतं, शुक्रवारी सकाळी. पलीकडचा म्हणाला, "सर, तुमच्या आवाजाबिगर मजाच नाही येत. पब्लिक तुमच्यासाठीच येते."

मी खाकरलो. मान जराशी कलली. म्हणालो, "आता आग्रहच आहे तुमचा, तर..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मैत्रीण काहीतरी पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकली. मुलगी मात्र हसत नव्हती. ती पानाकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. लाज माझ्या वाट्याची होती आणि वाटत तिला होती. शुक्रवारी सकाळी दहावीचा मराठीचा तास असतो. पलीकडून माणूस "हॅलो, हॅलो सर" करत होता. मी फोन ठेवला.

मग मी काय केलं? मोठेपणा दाखवला असेल असं वाटतं ना? छे. मी म्हणालो, "हे पान काढावं लागते असं वाटते. बियाण्याच्या दुकानाची जाहिरात आली आहे." जाहिरात आली नव्हती.

तिला सगळं कळलं. वाद घातला नाही. हळूच म्हणाली, "सर, कावळ्याच्या जागी बगळा करू का? मंग कोणाले काही वाटणार नाही."

पंधरा वर्षांची पोर माझी अब्रू सांभाळायला आपली गोष्ट मोडायला निघाली होती. आणि मी निर्लज्ज म्हणालो काय, तर, "बगळा गात नाही." म्हणजे तिथंही मास्तरकीच. दोघी पानं माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.

घरी येऊन पान बायकोपुढं टाकलं. म्हटलं, वाच, कसं वाटते सांग. कावळ्यानं गळा साफ केला तिथंच तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! हे तं तुमीच! खाकरणं पण तेच!" हसून हसून तिला ठसका लागला. मी भडकलो. म्हटलं, मास्तरची टिंगल करतात आणि तुले हसू येते? ते खाकरणं मीच सुचवलं, हे सांगितल्यावर तर ती खालीच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "छापा, नाहीतं नका छापू. पोरीनं एवढं मनातलं लिहून तुमच्याच हाती दिलं. दुसऱ्या कोणाले सांगणार होती ती?"

जेवण गेलं नाही. मला सारखं आठवत होतं की ती पहिल्यांदा कागद घेऊन आली तेव्हा किती वेळ दारात उभी होती. मी तेव्हा फोनवर होतो.

सकाळी छापखान्याला कळवलं की पान जसं आहे तसं जाऊ द्या. शुक्रवारवाल्यालाही नाही म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, बोलावताना आग्रह कमी पडला म्हणून मी रुसलो. मग दहावीच्या वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर मुलीला म्हणालो, "तुझी गोष्ट छापतो आहे. एक शब्दही बदलणार नाही. बगळा-बिगळा काही नको."

आणि मी थांबलो. आता लाज वाटते सांगायला, पण थांबलो. वर्गानं टाळ्या वाजवाव्या, सर किती मोठ्या मनाचे म्हणावं, तिचे डोळे भरून यावे, असं काहीतरी मला पाहिजे होतं. कालपासून झालेल्या शोभेवर तेवढं मलम पाहिजे होतं.

मुलगी उभी राहिली. "बरं सर," म्हणाली. खाली बसली नाही.

"आणखी काय?"

"सर, ते छापलं नाही तरी चालते. पण महिन्यावर पेपर आला. तुमी समास कधी घेता?"

वर्गात कुणी हसलं नाही. मी घाईघाईनं पुस्तक उघडलं, चष्मा लावला. पानं चाळली. म्हटलं, "घेऊ की. आत्ताच घेऊ. कुठपर्यंत झाला होता आपला?"

सगळे एकमेकांकडे पाहत होते. शेवटी तीच बोलली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून की काय, अगदी हलक्या आवाजात.

"सुरूच नाही झाला, सर."