उजव्या पायाचा साचा

विमा कचेरीत ती आकडे भरायची. पडद्यावरचे आकडे जागा बदलायचे, सहाच्या आधी नऊ येऊन बसायचा. साहेब म्हणायचे, "लक्ष कुठे असतं?" लक्ष तिथेच असायचं, संध्याकाळपर्यंत त्यानेच तिचा जीव जायचा. शेवटी तिने नोकरी सोडली.

"वाचायला अडखळणारी पोरगी आता कुठे धडकणार?" थोरली बहीण म्हणाली.

व्यवसाय मार्गदर्शन केंद्रातल्या बाईंनी मात्र आधी विचारलं, "कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही?"

"घरातली मोडकी खुर्ची दुरुस्त करताना. आणि शाळेत, मातीकामाच्या तासाला."

"सगळ्यांचंच असं नसतं. वाचण्याचा त्रास असलेला एखादा उत्तम विक्रेता होतो, एखाद्याला हातकाम मुळीच जमत नाही. तुमचं आपण करून बघू. हिंडतं-फिरतं, आकार डोळ्यांसमोर असलेलं काम, आणि समोर करून दाखवणारा माणूस."

त्यातून कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा सापडली. उमेदवारीचा काळ ठरला. रुग्णाच्या कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून पोकळ साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून भरीव आकार काढायचा, मग कानशीने घासायचा. हाड कुठे टोचेल, ते तिच्या बोटांना आधी कळायचं. तिला शिकवणारा कारागीर म्हणायचा, "हात चांगला आहे हिचा. तोंड मात्र कुलूपबंद."

तेच भोवलं. तिने एका भरीव आकारावर ‘उजवा’ऐवजी ‘डावा’ लिहिलं. कारागिराने शब्दावर विसंबून चुकीच्या बाजूने घासलं. आकार वाया गेला, म्हाताऱ्या रुग्णाला पुन्हा माप द्यायला यावं लागलं.

कार्यशाळेच्या प्रमुखांनी बोलावलं. "उमेदवारी इथेच थांबवू या का?"

घरी बहिणीला काय सांगायचं, हे क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग तिने ते बाजूला सारलं.

"मला डिस्लेक्सिया आहे, साहेब. आधीच सांगायला हवं होतं. घाबरले. डावा-उजवा लिहिताना माझा गोंधळ होतो, हात ओळखतात. साचा घेतानाच, पाय समोर असताना, पायावर आणि लगेच साच्यावर रंगीत पट्टी लावू द्या. लाल डावा, निळा उजवा. आणि सूचना तोंडी द्या, मी फोनवर रेकॉर्ड करते."

"नोंदी कोण लिहिणार?"

"मीच. संगणक मला वाचून दाखवेल. वेळ जास्त लागेल, तेवढी सवलत लागेल."

"म्हणजे माझ्या कार्यशाळेचे नियम तू ठरवणार?"

"फक्त पट्टीचा."

प्रमुखांनी वाया गेलेला आकार बाजूला सारला. "महिनाभर बघतो. पट्टीवर कारागिराची सही हवी, रुग्णासमोर. पुन्हा असं झालं, तर मीच थांबवीन."

"थांबवा," ती म्हणाली.

ती बाहेर आली. म्हातारा बाकावर बसला होता, त्याची कुबडी भिंतीला टेकलेली. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आजोबा, माझ्या चुकीमुळे पुन्हा यावं लागलं."

"बघ बाई, एक पाय तर गेलाच. आता नव्याचाही घोळ करू नकोस."

तिने निळी पट्टी फाडली, त्याच्या उजव्या मांडीवर चिकटवली आणि सहीसाठी कारागिराला हाक मारली.