आखूड कागद

त्या दिवशी संचालकांच्या तिमाही अहवालाची शेपटी कापली गेली, आणि ती मी कापली.

झालं असं. आमच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात प्रती काढायच्या सायक्लोस्टाइलचा कागद संपला होता. त्या वर्षी दुष्काळानं सगळंच आटलं होतं, मग कागदानं तरी का मागं राहावं? नगरहून नवीन रिमं आली ती नेहमीपेक्षा दोन इंचांनी आखूड. टाइप केलेली मेणकागदाची स्टेन्सिलं मात्र जुन्याच लांबीची. मी टायपिस्ट. माझं काम कळ दाबण्याचं, कागद मोजण्याचं नव्हे, अशी माझी त्या काळी समजूत होती. मशीन फिरवताना रोलरला खालच्या बाजूनं शाई लागते आहे हे मला दिसलं. मी ती फडक्यानं पुसत राहिलो. मन लावून पुसली. संध्याकाळी प्रतींचे गठ्ठे जीपमध्ये घालून संचालकांच्या गावोगाव रवाना केले. स्टेन्सिलं शाईनं बरबटून फाटली होती, ती मी बंबात टाकली.

सकाळी गहिनीनाथ ढाकणेनं उरलेली प्रत उचलली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि खुर्ची शेजारीच असताना जमिनीवर बसला.

"अरं, तक्त्याच्या खाली काय हाय?"

"खाली काही नाही. खाली पान संपलं," मी म्हणालो.

"पान संपलं!" तो म्हणाला. "टायपिस्ट, माणूस संपवलास तू."

आता हा गहिनीनाथ कोण, ते सांगितलं पाहिजे. हा पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला यायचे, तेव्हा हा कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, पाचटावर झोपलेलं पोर. पुढं मामाकडं राहून मॅट्रिक झाला, आणि ज्या कारखान्याच्या आवारात रांगला, तिथंच कॉस्ट क्लार्क म्हणून लागला. दर तीन महिन्यांनी संचालक मंडळाला जो अहवाल जायचा, त्यातल्या आकड्यांच्या तक्त्यांखाली खुलासा लिहायचं काम त्याच्याकडं होतं. त्याच्या आधीचे क्लार्क निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तक्त्याखाली एकच वाक्य लिहीत आले होते : "सदर फरक बाजारातील चढउतारामुळे आहे." चुना असो, कोळसा असो, गेस्टहाउसचा चहा असो, सगळ्याला बाजारच जबाबदार.

गहिनीनाथनं ते बंद केलं. आकडा वाढला तर किती वाढला, कशामुळं वाढला, आणि पुढच्या तिमाहीत तसाच राहील का, एवढं तो लिहायचा. 'समाधानकारक' हा शब्द त्याला वर्ज्य. तुलना मागल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. कारण आधीच्या तिमाहीत कारखाना बंद असतो. बंद चुलीशी पेटलेल्या चुलीची तुलना करून भाकरीचा भाव कळत नाही, असं तो म्हणायचा. मॅनेजरसाहेबांना खुलासे शेवटी एकत्र हवे होते. हा भांडला. "नजर आकड्यावरनं खाली उतरली की कारण तिथंच बसलेलं पायजे. पान उलटंस्तवर माणसाला राग येतो, सायेब."

लीन वगैरे नव्हता हं. स्वतःचे खुलासे कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्याला चहा स्वतःच्या पैशानं पाजायचा. मी कितीतरी वेळा कोळशावरचा खुलासा केवळ चहासाठी ऐकला आहे.

तर या माणसाच्या खुलाशांना मी दोन इंच कमी पडलो होतो.

आणि वेळ कोणती? जानेवारी, त्र्याहत्तर साल. अहवाल ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्याच सकाळी दहाला सभा. विषयपत्रिकेवर विषय क्रमांक चार : तोडणी कामगारांच्या टनामागच्या दरात कपात करणे. कारण तक्त्यात 'तोडणी व वाहतूक' असा एकच रकाना. मागल्या वर्षी टनाला अकरा रुपये, यंदा पंधरा. वरचे चार रुपये कुठं गेले, हे खालच्या सात ओळींत होतं. त्या सात ओळी रोलरवर छापल्या गेल्या आणि माझ्या फडक्यात गेल्या.

"परत स्टेन्सिल कापतो," मी म्हणालो.

"तेरा पानं? आन् दहाला पाव तास कमी?" त्यानं खिशातनं हातानं लिहिलेला कच्चा खर्डा काढला आणि धावत मॅनेजरसाहेबांकडं गेला. दोन मिनिटांत परत आला. चेहऱ्यावरनं उत्तर कळलं.

"म्हणत्यात, संचालकांकडं जे गेलं तेच सभेपुढं. वरनं कायबी वाचायचं न्हाई. आन् क्लार्क सभेत बोलत नसतो."

जीपगाड्या आल्या. पांढऱ्या टोप्या आत गेल्या. दार लागलं. आम्ही व्हरांड्यात.

मी विनोदी माणूस आहे असं लोक म्हणतात; त्या व्हरांड्यात मला एकही विनोद सुचला नाही. समोर ऊस टाकायच्या गव्हाणीकडं उसाच्या मोटारी लागल्या होत्या, त्याही मोजक्याच. नळाजवळ तोडीवाल्या बायका हंडे घेऊन उभ्या. त्यातली एक आमच्याकडं आली. राहीबाई, गहिनीनाथची थोरली बहीण. ती अजून ऊसतोडीला, कोयत्यावरच होती. नवरा-बायको आणि दोन बैल.

"गहिनी, रेट कापणार म्हणत्यात. खरं हाय का रं?"

"आक्का, तू पाणी भर."

"पाणी भरतेच. तू खरं सांग."

त्यानं हातातला खर्डा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"तूच लिवतोस ना त्यांना वाचायला?" ती म्हणाली. "मग असं कसं लिवलंस, की आमचाच रेट कापावा वाटला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आतनं आवाज येत होते. विषय तीन संपला. शिपायानं चहाचा ट्रे आणला, आणि दार उघडलं तसा मी त्याच्यामागनं आत घुसलो. धाडस नव्हे, पायांना बाहेर उभं राहवत नव्हतं, एवढंच.

"काय रे?" चेअरमन आसारामअण्णा म्हणाले.

"अण्णा, कागद आखूड आला होता. प्रत्येक पानाचं खालचं छापलंच गेलं नाही. चूक माझी."

मॅनेजरसाहेब उभे राहिले. पण त्यांच्याआधी कोपऱ्यातनं रंगनाथतात्या बोलले. हे सर्वांत जुने संचालक, सत्तरी ओलांडलेले. "तरीच! म्या रातभर चष्मा पुसतोय. म्हनलं खालचं कुठं गेलं? वरचे आकडे मला कवा कळत्यात? म्या खालचंच वाचतो."

"मी पण," दुसरे एक हळूच म्हणाले.

"लिहिणारा कुठाय?" अण्णांनी विचारलं. "बोलवा त्याला."

गहिनीनाथ आत आला. त्यानं वाचलं : वाढ टनामागे चार रुपये. त्यातले पावणेतीन अंतरामुळं. जवळचा ऊस वाळला, सरासरी नऊ मैलांवरचा ऊस आता सतरा मैलांवरनं येतो. सव्वा रुपया मोटारींच्या भाड्यामुळं. भाडं महिन्याचं ठरलेलं, पण मोटारी अर्ध्याच वजनानं येतात, म्हणून तेच भाडं कमी टनांवर पडतं. तोडणीच्या दरात वाढ शून्य.

"थांब," तात्या म्हणाले. "मोटार अर्ध्या वजनानं का येती? तोडणारे कमी चढवत्यात का?"

गहिनीनाथनं खर्डा वरपासून खालपर्यंत चाळला. त्याच्या सात ओळींत याचं उत्तर नव्हतं. त्यानं खेपा मोजल्या होत्या, टन मोजले होते. खेप हलकी का, ते लिहिलंच नव्हतं.

"ते... लिहिलं न्हाई, तात्या."

"का न्हाई?"

"मला ठाव हुतं. म्हणून लिहिलं न्हाई."

"तुला ठाव हाय, हे आमाला कसं ठाव?" तात्यांनी टोपी सारखी केली. मग बाकीच्यांकडं वळले. "माझ्याच रानातलं सांगतो. मोटार डोळ्याला शीग भरल्याली दिसती आन् काट्यावर निम्मी भरती. उसात रसच न्हाई, चिपाडं हायेत. तोडणाऱ्याला टनावर पैसे. तेवढंच तोडून त्याला निम्मं मिळतंय. त्याच्यात अजून कापायचं?"

अण्णांनी लेखणीनं विषय चारवर काट मारली. "हे तात्यांचं वाक्य खुलाशात घाला," ते म्हणाले. "आणि संपलं का?"

"एक ओळ हाय," गहिनीनाथ म्हणाला.

मला ती ओळ माहीत होती; टाइप मीच केली होती. तेव्हा तिच्यात दोन चुका झाल्या म्हणून मी चडफडलो होतो. आता वाटलं, त्यानं खर्डा मिटावा. जिंकला होता. बाहेर बहीण उभी होती.

त्यानं वाचलं : "नोंदलेला ऊस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच पुरेल. त्यानंतर गाळप चालण्याची शक्यता दिसत नाही."

अण्णांनी लेखणी खाली ठेवली. "तोडणीच्या टोळ्यांना आजच सांगा," ते म्हणाले. "एप्रिलपर्यंतच्या भरवशावर बसलेत ते."

बाहेर राहीबाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी होती.

"रेट न्हाई कापला, आक्का."

तिनं हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले.

"पर महिनाभरच काम हाय. ऊस संपला."

हंडा हिंदकळून लुगड्यावर पाणी सांडलं. त्या वर्षी सांडलेल्या पाण्याकडं बायका बघायच्या, तिनं बघितलंही नाही.

"म्हंजे गावाकडं. दुष्काळी कामावर खडी फोडायला," ती म्हणाली. "आन् बैलं?"

"बैलांचं आत्ताच बघ. सगळ्या टोळ्या एकदम निघाल्या की बाजारात कुणी इचारनार न्हाई."

ती गेली. हळूहळू, डोक्यावरचा हंडा सांभाळत, कोप्यांकडं. थोड्या वेळानं तिकडनं बायकांचा एकत्र आवाज आला. भांडणाचाही नाही आणि रडण्याचाही नाही, दोन्हींच्या मधला.

आम्ही ऑफिसात आलो. त्यानं तंबाखू काढली, मळली, आणि तोंडात न टाकता हातातच धरून बसला. मी मशीनपाशी गेलो, नवीन स्टेन्सिल लावलं. या खेपेला कागद आधी पट्टीनं मोजला. तरी एक गोष्ट मनातनं जाईना.

"गहिनी," मी म्हणालो, "विषय चार कटला होता. ती शेवटची ओळ वाचली नसतीस, तर निदान आजचा दिवस तरी आक्काला बरा गेला असता."

त्यानं तंबाखू खिडकीबाहेर झटकली.

"न वाचता ऊस वाढला असता का?"