बंद धरलेला प्रश्न

"सिस्टर सहमत." हे दोन शब्द मी लिहिले, तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आता ते आठवले की मान खाली जाते.

आमच्या घराण्यात कारकुनी रक्तातच आहे. भोसल्यांच्या काळात दफ्तर सांभाळायला आलेली माणसं आम्ही, असं वडील अभिमानानं सांगायचे. मी नागपुरातल्या एका खाजगी इस्पितळात कामाच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या विभागात आहे. म्हणजे दफ्तरच, फक्त कॉम्प्युटरवर. गेल्या वर्षी इस्पितळानं सगळे वॉर्ड एका नव्या प्रणालीवर आणायचं ठरवलं. ती बनवणारी कंपनी पुण्याची. त्यामुळे दर बुधवारी दुपारी तीन वाजता बैठक व्हायची, आम्ही इकडे खोलीत आणि ते पडद्यावर. बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि त्याची लेखी प्रत, ट्रान्सक्रिप्ट, आपोआप तयार होऊन संध्याकाळपर्यंत माझ्याकडे यायची.

त्या प्रतीत अडचणी होत्या. खोलीतला माइक एकच, म्हणून आमच्यापैकी कोणीही बोललं तरी नावाच्या जागी "बैठक खोली" एवढंच यायचं. वर कूलरचा आवाज. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात आलं की मशीन बावचळायचं. पण मला सगळ्यांचे आवाज पाठ होते. सुरुवातीला मी रेकॉर्डिंग ऐकून कोणतं वाक्य कोणाचं ते भरायचो आणि मग यादी करायचो. प्रश्न काय, विचारला कोणी, कोणत्या बुधवारी, उत्तर कोणी द्यायचं आणि आज तो खुला आहे की बंद. मतभेद असेल तर दोन्ही बाजू. पुढच्या बुधवारी नवी प्रत आली की जुनी यादी शेजारी ठेवून कोणता प्रश्न सुटला आणि कोणता राहिला ते बघायचं. काम किचकट होतं, पण मला आवडायचं.

बिघडलं ते कौतुकानं. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, बैठक सुरू होताच विचारायचे, "किती राहिले?" आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी असला की त्यांचा चेहरा खुलायचा. एकदा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "हा माणूस आहे म्हणून गाडी पुढे सरकते." झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. यादी छोटी करणं हेच माझं काम, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि एक नियम काढला. सलग तीन बैठकांत ज्या प्रश्नाचा कोणी उल्लेख करत नाही, तो बंद धरायचा. कोणाला गरज असेल तर तो बोलेल की!

बोलत होत्या त्या मेडिसिन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. मूळच्या सावनेरच्या, राहायला जरीपटक्याला. तीस वर्षांहून जास्त नोकरी आणि निवृत्तीला दीड वर्ष. त्यांचं बोलणं सरळ आणि थोडं लांबलेलं. खरं सांगतो, त्या बोलायला लागल्या की मला कंटाळा यायचा.

त्यांचं म्हणणं रुग्णाला न चालणाऱ्या औषधाबद्दल होतं. एखाद्याला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर नव्या प्रणालीत त्याच्या नावापुढे लाल खूण यायची. दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, "ही खूण सगळ्यायले दिसते का?" कंपनीचा माणूस म्हणाला, दिसते. मी लिहिलं: उत्तर मिळालं, बंद. चौथ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "दिसते, पण काउंटरवर. मी खाटेपाशी हातात औषधांचा कागद घेऊन उभी राहते. कागदावर छापून येते का?" कंपनीचा माणूस म्हणाला, औषध देण्याआधी नर्सनं पडदा बघायचा, हीच पद्धत आहे. सिस्टर म्हणाल्या, चाळीस खाटांना दोन नर्स, कोण पळत जाऊन बघणार? मी तो नवा प्रश्न म्हणून टाकला. पाचव्या बैठकीत त्या पुन्हा म्हणाल्या, "सर्जरीतून पेशंट माह्याकडे हलवला का जुनी खूण त्याच्यासंगं येते, का पुन्हा टाकावी लागते?" तोही मी वेगळा प्रश्न केला.

तीन ओळी, तीन क्रमांक. सिस्टर एकच गोष्ट विचारत होत्या. औषध टोचणाऱ्या हातापर्यंत ही सूचना पोचते की नाही? वाक्यं निराळी होती म्हणून मी प्रश्न निराळे धरले. आणि कंपनीचं आणि त्यांचं यावर पटलेलं नाही, हे तर मी कुठंच लिहिलं नाही.

सहाव्या बैठकीत मोठे डॉक्टर वैतागले. "सिस्टर, किती वेळा तेच? ते बघतो म्हणतात ना?"

"ठीक हाय सर," सिस्टर म्हणाल्या. "पण माहं म्हणणं लिहून ठेवा."

आमच्याकडे मोठ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. "ठीक हाय सर" म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्याचा अर्थ पटलं असा होत नाही, हे शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं; मी स्वतः रोज म्हणतो. "लिहून ठेवा" हे त्यांचं पुढचं वाक्यही प्रतीत जसंच्या तसं आलं होतं. मशीननं त्या दिवशी अजिबात चूक केली नव्हती. मी ते वाचलं, आणि काहून कोण जाणे, सोडून दिलं. काहून ते खरं तर मला माहीत आहे. ते लिहिलं असतं तर ओळ खुली राहिली असती.

त्यानंतर तीन बुधवार सिस्टर काही बोलल्या नाहीत. मी नियमाप्रमाणे उरलेले दोन्ही प्रश्न बंद केले आणि शेऱ्यात लिहिलं, "सिस्टर सहमत."

दीड महिन्यानं सर्जरीतून मेडिसिनला एक बाई हलवल्या गेल्या. पेनिसिलिन न चालणाऱ्या. खूण जुन्या वॉर्डच्या पानावर राहिली आणि छापील कागदावर तर ती येतच नव्हती. ड्युटीवरच्या नव्या नर्सनं कागदाप्रमाणे इंजेक्शन दिलं. अंगावर गांध्या उठल्या, चेहरा सुजला, श्वास लागायला लागला. सिस्टर शेजारच्याच खाटेपाशी होत्या म्हणून उपचार लगेच झाले. बाई वाचल्या, चार दिवसांनी चालत घरी गेल्या.

चौकशीच्या बैठकीत माझी यादी पडद्यावर लावली होती. माझ्याच सुबक तक्त्यात, हिरव्या रंगात: बंद. सिस्टर सहमत.

"तुम्ही मान्य केलं होतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मग औषध देण्याआधी पडदा बघायची सवय वॉर्डाला का नाही लावली?"

"मी मान्य नोयतं केलं जी. मी लिहून ठेवा म्हणलं होतं." सिस्टर माझ्याकडे वळल्या. "इचारा न भाऊले. भाऊ लिहून राहिले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. कोणत्या बुधवारचं, तेही आठवत होतं. मी म्हणालो, "रेकॉर्ड पाहून सांगतो."

इतका भित्रा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. रेकॉर्ड बघायची मला काही गरज नव्हती. सिस्टर माझ्यावरची नजर काढून मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ठीक हाय सर." त्यांना लेखी ताकीद मिळाली, इनचार्जपद गेलं, आणि पुढच्या सोमवारपासून त्या ओपीडीत बसायला लागल्या.

रविवारी शहराबाहेर बेशाला, माझ्या घरी, मी सगळ्या प्रती काढून बसलो. बायकोनं दोनदा जेवायला बोलावलं. या वेळी मी आधीच करायला हवं होतं ते केलं. प्रश्नांचे शब्द सोडून दिले आणि विचारणाऱ्याला काय हवं होतं ते पकडलं. तिन्ही ओळी एका क्रमांकाखाली आणल्या. प्रत्येक तारखेपुढे सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं, शेजारी कंपनीचं उत्तर. शेवटच्या रकान्यात लिहिलं: मतभेद कायम, नोंद करण्याची विनंती, नोंद झाली नाही. दोन तासांत झालं.

आणि तरी मी तो कागद दहा दिवस खणात ठेवला. मधली बुधवारची बैठक आली आणि गेली. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज होती. "हा माणूस आहे म्हणून" असं जिथं ऐकलं होतं, तिथंच तोंड काळं करून घ्यायचं होतं. सकाळी आरशासमोर दाढी करताना मी स्वतःच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो.

त्याच्या पुढच्या बुधवारी वाचून दाखवलं. "चूक माझी आहे, सिस्टर सहमत नव्हत्या," एवढं म्हणालो. मोठे डॉक्टर म्हणाले, "बरं. ताकीद मागे घ्या." कंपनीनं आठवड्याभरात लाल खूण कागदावर आणली आणि वॉर्ड बदलला तरी ती सोबत जाईल असं केलं. इनचार्जपद मात्र तोवर दुसऱ्या सिस्टरना दिलं गेलं होतं. ते काढून कोण घेणार?

मी तीन बैठकांचा नियम रद्द केला. आता ज्यानं प्रश्न विचारला, त्यानं सही केल्याशिवाय ओळ बंद होत नाही. पहिली सही घ्यायला मी ओपीडीत गेलो. सिस्टर टेबलाशी बसून केसपेपर लावत होत्या. चष्मा लावून त्यांनी पूर्ण पान वाचलं, बोट प्रत्येक ओळीवरून फिरवत.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि सही केली. मग पान उलटून मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"भाऊ, एक इचारू? त्या दिवशी तुम्हाले सारं आठवत होतं. मंग तुम्ही चूप काहून राहिले? हे कोणत्या नंबरले लिहिलं हाय?"

आवाजात राग नव्हता. तेवढ्यात पुढचा पेशंट आला, त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, आणि मी यादी घेऊन जिना उतरलो.

त्यानंतर आम्ही कॉरिडॉरमध्ये बरेचदा भेटलो. त्या चहा झाला का विचारतात, बेशाकडचा रस्ता सुधरला का विचारतात. तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढलेला नाही. तीन बुधवार केव्हाच उलटून गेले. माझ्या जुन्या नियमानं तो बंद धरायला हवा.