गोठ्यातलं बोलणं

आयटीआयमध्ये मी टर्नरचं काम शिकवतो. पोरं कारखान्यात मुलाखतीला निघाली की मी मशीन बंद करतो, एकेकाला लेथसमोर उभं करतो आणि सांगतो, "हा साहेब. याच्याशी बोल. मोठ्यानं." पोरं खिदळतात. "सर, मनात म्हणून झालंय, सगळं पाठ आहे," असं सांगतात. मनात काय, मीसुद्धा फर्डा वक्ता होतो. मनात कोण अडखळतं? खरी फजिती तोंड उघडल्यावर होते. लेथशी बोलायला लावणारा मास्तर म्हणून मी बदनाम आहे, पण मी स्वतः शिकलो ते म्हशीशी बोलून. ते मात्र मी पोरांना सांगत नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमचं घर मंगळवार पेठेत, मागे गोठा, गोठ्यात चार म्हशी. आबांचा धंदा दुधाचा. संध्याकाळी म्हशी घेऊन ते कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक पेला धरून समोर उभं आणि आबा तिथंच धार काढून देणार, ही आमच्या गावाची जुनीच रीत. आबांचा आवाज असा, की त्यांनी कट्ट्यावर म्हशीला हाक मारली तर पेठेच्या दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायची.

चारांतल्या एका म्हशीचं दूध मात्र विकायचं नव्हतं. ते माझं. कारण मी पैलवान होतो. म्हणजे आबांच्या लेखी होतो. सातवीच्या सुट्टीत त्यांनी मला तालमीत नेलं, वस्तादांपुढं नारळ ठेवला, त्यांना फेटा बांधला आणि म्हणाले, "आजपासनं पोरगं तुमचं." आमच्याकडं असं दिलेलं पोरगं आपण होऊन बाहेर पडत नाही. ज्यानं दिलं त्यानंच जाऊन परत मागायचं, नाहीतर तो वस्तादांचा अपमान.

माझं अंग बरं होतं, पण मन मातीत नव्हतं. एका सुट्टीत उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये बसलो होतो. लेथवर गज फिरत होता आणि लोखंडाची साल बटाट्याच्या सालीसारखी सुटून खाली पडत होती. बघता बघता जेवायची शुद्ध राहिली नाही. मला हेच करायचं होतं. आयटीआयच्या यादीत नंबरही लागला. प्रवेश घ्यायला थोडेच दिवस होते आणि घरात फक्त आईला माहीत होतं. आई म्हणाली, "माझ्याजवळ काय सांगतोस? ज्येला सांगायचं त्येला सांग की."

आबांना सांगायचं! आबा वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. जत्रेच्या मैदानात भोंग्यावर माझं नाव पुकारलेलं ऐकायचं, एवढं एकच त्यांनी आयुष्यात मागितलं होतं. ते हिसकावून घ्यायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं. रोज जोर-बैठका मारताना मी मनात त्यांच्याशी फडाफडा बोलायचो, ते ऐकून घ्यायचे, शेवटी डोळे पुसून पाठीवर हात ठेवायचे. घरी आल्यावर ताटावर बसलो की भाकरीखेरीज तोंडातून काही आतबाहेर होत नसे.

एका दुपारी म्हशीला धूत होतो. माझ्या खुराकाची म्हैस, मोठी द्वाड, पाणी घातलं की नाचायची. आई तिच्याशी काहीबाही बोलत राहायची म्हणून तिच्यापुढं म्हैस गप उभी राहायची. मीही बोलू लागलो. इकडचं तिकडचं संपलं आणि तोंडातून निघालं, "आबा, मला तालीम सोडायची हाय."

म्हैस गप उभी होती. मी मात्र हादरलो. हे वाक्य मनात शंभरदा घोळवलं होतं, पण माझ्या कानांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मोठ्यानं ऐकल्यावर त्याचं वजन कळलं. पुन्हा म्हणालो, तर "सोडायची"पाशी आवाज चिरकला. चक्क रडलो. मग तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा वाक्य आहे तेवढंच राहिलं. गडगडाट झाला नाही, गोठा कोसळला नाही. म्हशीनं शेपटी मारली तेवढंच.

त्यानंतर गोठा ही माझी जागा झाली. पण मी पडलो पैलवान गडी. एक डाव हजार वेळा मारला की तो बसतो, हे डोक्यात. म्हणून मी अख्खं भाषण तयार केलं आणि घोकलं. तीर्थरूप आबांच्या उपकारांपासून सुरुवात, मग माझी आवड, मग कारखानदारीचे फायदे, शेवटी क्षमायाचना. शब्द न शब्द पाठ. एका सकाळी आबा चहा पीत होते, मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, तुमी माझ्यासाठी आजवर..."

"म्हशीला पेंड घातलीस का?" आबांनी विचारलं.

झालं. माझ्या भाषणात पेंड कुठं नव्हतीच. पुढचं सगळं पुसलं गेलं. "घातली," म्हणालो आणि परत फिरलो. वर खरं म्हणजे घातली नव्हती, म्हणून शिव्याही खाल्ल्या.

त्या दिवशी तालमीतही माझं ध्यान नव्हतं. पट काढायला, म्हणजे पाय धरून ओढायला गेलो, समोरच्या पैलवानानं पाय मागं घेतला आणि मी तोंडावर मातीत. वस्ताद आखाड्याच्या हौद्याच्या कडेला बसले होते. अंगानं डोंगर, पण बोलायला मोजके. म्हणाले, "डाव पाठ हाय तुझा. पण समोरचा काय खांब हाय व्हय रं? त्यो पाय मागं घेनार, मान दाबनार. त्ये धरून सराव कर. एक पकड पक्की ठेव, बाकीचं त्यो करंल तसं."

वस्तादांनी मला कुस्ती शिकवली आणि मी त्यातून कुस्ती कशी सोडायची ते शिकलो. आजही याचं मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

गोठ्यात मी भाषण टाकून दिलं. पक्कं ठेवलं एकच वाक्य, पहिलं. आणि मला काय हवंय ते: आबांनी वस्तादांकडं जाऊन मला मागून आणावं. मधलं सगळं मोकळं. मग मीच मी आणि मीच आबा. इकडं उभा राहून म्हणायचं, "मला तालीम सोडायची हाय." तिकडं जाऊन आबांच्या आवाजात गरजायचं, "का रं? हातपाय मोडलं काय?" पुन्हा इकडं येऊन उत्तर. एकदा आबा ओरडायचे, एकदा उठून जायचे, एकदा नुसते गप बसायचे. गप बसणाऱ्या आबांना तोंड देणं सगळ्यांत अवघड. तिथं मी घाईघाईनं काहीबाही बरळायचो. मग शिकलो, आपलं बोलून झालं की श्वास घ्यायचा आणि थांबायचं. एकच गोष्ट दरवेळी वेगळ्या शब्दांत सांगायची, म्हणजे एक शब्द हरवला तरी सगळं हरवत नाही.

भीती काही गेली नाही. तिच्याशीही मोठ्यानं बोलायचो, दुसऱ्या कुणाला सांगावं तसं: "भ्यालास व्हय? भी की. पन बोल." स्वतःला असं तू म्हणून सांगितलं की तो भित्रा जरा लांब उभा दिसायचा आणि त्याची थोडी गंमतही वाटायची. मधल्या काळात वाण्याला "ही डाळ जुनी हाय, बदलून द्या" असं तोंडावर म्हणालो. वाण्यानं मुकाट बदलून दिली. मैदान मारल्यासारखा घरी आलो.

रविवारी दुपारी आबा गोठ्यात म्हशींना घालायला उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा पाला, तोडत बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"आबा, मला तालीम सोडायची हाय."

विळा थांबला. "वाडं वढ हिकडं," ते म्हणाले. मी वाडं ओढून दिलं आणि पुढं बोललो. "आयटीआयला नंबर लागलाय. लेथ शिकायचं हाय मला. माझं मन मातीत न्हाय आबा. तुमचं होतं, म्हनून मी इतकी वर्सं गेलो." आवाज कापत होता. कापू दिला. मग थांबलो.

आबा ओरडले नाहीत. उठून गेले नाहीत. त्यांनी विळा खाली ठेवला, म्हशीकडं बघितलं आणि म्हणाले, "मग हिचं दूद कोन पिनार?"

माझ्या सरावातल्या एकाही आबांनी मला हे विचारलं नव्हतं. क्षणभर जीभ टाळ्याला लागली. पण सवय झाली होती, श्वास घेतला. "आईला द्या की. तिनं ह्या म्हशीचं दूद कवा चाखलं न्हाय."

दारात आई उभी होती. ती पदराशी चाळा करत आत निघून गेली. आबा पुन्हा वाडं तोडू लागले. "वस्तादास्नी मागावं लागंल," एवढंच म्हणाले. मला रडू आलं ते सुटकेचं होतं.

पण आबा जाईनात. आज कट्ट्यावर गर्दी, उद्या डॉक्टर येणार म्हशीला बघायला. प्रवेशाची शेवटची तारीख अंगावर आली. मला राग यायला लागला. हो म्हणायचं आणि करायचं नाही, ही कुठली रीत! त्या तिरमिरीतच सकाळी गोठ्याकडं निघालो आणि पत्र्याआड थबकलो. आत आबा बोलत होते. पेठ हलवणारा तो माणूस अगदी बारीक आवाजात म्हणत होता, "वस्ताद, पोरगं... पोराचं मन..." मग खाकरले. "वस्ताद, म्या तुमाला पोरगं दिलतं..." आणि पुढं काही नाही. म्हैस निवांत रवंथ करत होती.

माझा राग कुठल्या कुठं गेला. माझं गोठ्यातलं बोलणं ते कधीपासून ऐकत होते, देव जाणे. मी आत गेलो. आबा दचकले, ओशाळले, उगीच दाव्याची गाठ तपासू लागले. मी काही विचारलं नाही. पालथी बादली ओढली, तिच्यावर वस्तादांसारखा मांड्या फाकवून, छाती काढून बसलो आणि त्यांच्यासारखाच घोगरा आवाज काढून म्हणालो, "या पावणं. काय काम काढलंसा?"

आबांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. आता कानफटात बसणार असं वाटलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, माझ्यासमोर हात जोडले आणि बोलू लागले.

"आवाज चढवा आबा," मी म्हणालो. "आनि पयल्यापासनं."