विंचवाचा, विंचूचा

त्या दुष्काळात आष्टीच्या बाजूला चारा छावणी लागली, आणि माझ्या अडलेल्या प्रबंधाला वाट मिळाली. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते, पण झालं ते तसंच. लोकांची जनावरं दावणीला मरायला टेकली होती आणि मी मनातून खूश होते.

माझा विषय भाषाविज्ञानातला होता. शब्दांची आडवळणी रूपं पिढ्यांगणिक सरळ कशी होत जातात, ते मला दाखवायचं होतं. त्यासाठी एकाच घरातली आजी, सून आणि नात एका जागी, आपसात बोलताना ऐकायला हवी होती. गावात ते जमेना. म्हातारी घरी एकटी आणि बाकीचं घर ऊसतोडीवर. छावणीत मात्र जनावरांमागे अख्खी घरं येऊन राहिली. ओळीनं दावणी, पाण्याचे हौद, ताडपत्र्यांचे तंबू. माझी मावशी तिच्या तीन म्हशी, सून आणि नात घेऊन तिथंच उतरली होती. नात बारावी झालेली, अठरा वर्षांची. मी तिच्या बापाची मावसबहीण, म्हणून ती मला आत्या म्हणायची.

छावणी गावच्या सहकारी दूध संस्थेची. चेअरमननी मला आत फिरायची परवानगी दिली. "बाई, बोला कुनाशीबी. पन पेपरात कायी यायला न्हाई पायजे," एवढंच ते म्हणाले.

मी वही घेऊन मावशीच्या तंबूत बसायची. कुणाला काही विचारायची नाही, नुसती ऐकायची. मावशी हौदावरून ओरडायची, "म्हस पानी प्याली का न्हाई गं?" सून उत्तर द्यायची, "प्याली." तासाभरानं तीच सून म्हणायची, "दुसरी न्हाई पिली अजून." नात कायम "पिली" म्हणायची. पितो, पिते, पिणार, सगळीकडे 'पि', मग मागच्या काळात तेवढं 'प्या' कशाला? तिनं हे कधी ठरवलं नव्हतं. ते ठरवून होत नाही. मधल्या पिढीत दोन्ही रूपं एकाच तोंडात नांदतात, आणि धाकटी पिढी त्यातलं एक उचलते.

म्हशीची गंमत वेगळी होती. पुस्तकात 'म्हैस', पण 'म्हशीला'. मावशीनं ही अडचण आपल्या बाजूनं मिटवली होती. ती एकटीला म्हणतानाही 'म्हस'च म्हणायची. नातीनं शाळेत 'म्हैस' गिरवलेली, म्हणून ती पुढे 'म्हैशीला', 'म्हैशीचं' म्हणायची. एकीच्या तोंडी दोन्हीकडे 'म्ह', दुसरीच्या तोंडी दोन्हीकडे 'म्है'. कामाचं तत्त्व एकच, दिशा उलट. त्या दिवशी मी वहीत तीन रेघा ओढल्या होत्या, इतकी हरखले होते.

नात हुशार होती. आठवड्याभरात तिनं माझं काम ओळखलं. एका सकाळी दावणीच्या दगडाखाली विंचू निघाला. मावशी म्हणाली, "इच्चवाचं ईख लई वाईट." नात पोरांना ओरडली, "सरका मागं, विंचूची नांगी वर हाय!" आणि माझ्याकडे वळून हसली.

"लिवलं का आत्या? आजी इच्चवाचं म्हनली, मी विंचूची म्हनले."

"तू कावून असं म्हनतीस?" मी मुद्दाम तिच्याच बोलीत विचारलं.

तिनं जरा विचार केला. "चाकू, चाकूची. पेरू, पेरूची. तंबू, तंबूची. मग विंचू, विंचूची. त्यानंच काय घोडं मारलंय?"

मी एक पूर्ण प्रकरण ज्यावर लिहिणार होते ते तिनं एका दमात सांगितलं. मग मी तिला विचारलं, की भावाला 'भाऊला' का म्हणत नाहीस? ती म्हणाली, "भावाला तर दिसभर हाका असत्यात. विंचू काय रोज निगतो का?" तेही बरोबर होतं. जे रूप दिवसातून शंभरदा कानावर पडतं ते वाकडं असलं तरी टिकतं. लहानपणी ती 'मी करलं' म्हणायची, असं तिची आई सांगायची. ते आपोआप सुटलं, कारण 'केलं' घरात क्षणोक्षणी ऐकू येतं. जे क्वचित ऐकू येतं ते नव्या माणसाला आठवत नाही, आणि मग तो ते शेजारच्या शब्दांवरून घडवतो. त्याला चूक म्हणत नाहीत. मी स्वतः तिला तसं सांगितलं. "तुझं चुकत नाही. भाषा अशीच पुढं जाते." माझे शब्द मला चांगले आठवतात.

पंधरा दिवसांनी संस्थेनं दूध संकलन केंद्रावर लेखनिकाची एक जागा काढली. नातीनं अर्ज केला. ती जागा मिळाली तर तिला ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. तिच्या आईनं मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. लग्नाची बोलणी आली होती, पोरगा कोयता चालवणाराच होता. "हितं चिकटली तर पोरीचं जिनं बदलंल," ती म्हणाली.

चेअरमननी मला बोलावलं. "बाई, ह्या जागेच्या परीक्षेचा मराठीचा पेपर तुमीच तपासा. शुद्ध-अशुद्ध तुमच्यासारख्यालाच कळनार. मी सगळ्यास्नी सांगलंय, तपासनी बाहेरच्या बाईकडं हाय म्हनून." त्यांच्या तोंडचं 'सांगलंय' मी मनातल्या मनात टिपून घेतलं. तेही सरळ झालेलंच रूप. मी हसले आणि हो म्हणाले.

पेपर संस्थेनंच एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून काढला होता. दहा रिकाम्या जागा: कंसातल्या शब्दाचं योग्य रूप लिहा. मग छावणीतल्या अडचणींबद्दल तहसीलदारांना पत्र. आणि दुधाच्या फॅटची गणितं, ती दुसऱ्या कुणी तपासली.

नातीचं अक्षर मी लगेच ओळखलं. 'भावाला' बरोबर होतं. 'माणसाला' बरोबर. पण 'विंचूचा', 'गहूचे', 'नातूला', 'म्हैशीचे', आणि शेवटी 'पिसूंनी वासराला हैराण केले'. संस्थेनं मला दिलेल्या बरोबर उत्तरांच्या यादीत विंचवाचा, गव्हाचे, नातवाला, म्हशीचे, पिसवांनी. पाच चुका. लाल पेन बाजूला ठेवून मी माझी वही उघडली. ही पाचही रूपं माझ्या वहीत होती. त्यांच्यापुढे मी कुठेही फुली मारलेली नव्हती.

मग मी फुल्या मारल्या. स्वतःला सांगितलं, ती नात्यातली आहे, तिला झुकतं माप दिलं तर गाव काय म्हणेल. प्रश्न प्रमाण भाषेचा आहे, बोलीचा नाही. कारणं बरोबर होती. बरोबर कारणं माणसाला फार सोयीची पडतात.

पुढचा पेपर चेअरमनच्या पुतण्याचा निघाला. दहापैकी दहा. 'पिसवांनी'सुद्धा. मी थबकले. तोवर छावणीत मी साठीच्या आतलं एकही माणूस 'पिसवांनी' म्हणताना ऐकलं नव्हतं. मग त्याचं पत्र वाचलं: 'छावणीत विंचूचा त्रास आहे. गहूचा भुसा मिळत नाही. म्हैशीला पुरेसे पाणी नाही.'

माझ्या तक्त्यात चाळीसेक माणसं होती. ज्याला पिसवा आठवतात त्याला गव्हाचा येतोच; उलट होत नाही. विरळ शब्दाचं जुनं रूप आधी जातं, रोजच्याचं नंतर. हा पोरगा विरळ शब्द बरोबर लिहीत होता आणि रोजच्या गव्हावर चुकत होता. परीक्षेत माणूस सावध असतो, पत्रात सैल सुटतो, हे मला मान्य होतं. पण वरच्या पानावर बरोबर लिहिलेला 'विंचवाचा' खालच्या पानावर त्याला आठवला नाही. दहाही उत्तरं त्याला आधीच कुणीतरी दिलेली होती. त्याचा पुरावा माझ्याशिवाय त्या तालुक्यात कुणाला वाचता आला नसता.

पत्राला गुण मजकुराचे होते, रूपांचे नाहीत. मी नातीसारखेच त्यालाही पत्राचे पूर्ण गुण दिले आणि सही केली. छावणीत माझं अजून तीन आठवड्यांचं काम बाकी होतं, आणि आत फिरायची परवानगी चेअरमनची होती.

गणितात नात पैकीच्या पैकी, तो तिथं तीन गुणांनी मागे. तरी एकूणात ती दोन गुणांनी खाली राहिली.

निकाल संस्थेच्या तंबूच्या बाहेर लावला तेव्हा ती माझ्याकडे आली. रडली नाही.

"आत्या, तुमी म्हनला व्हता ना, माझं चुकत न्हाई म्हनून?"

"बोलण्यात चुकत नाही, बाळा. लिहिताना प्रमाण रूपं..."

"मग ते आधी का न्हाई सांगितलं? दहा रूपं पाठ करायची व्हती. एका दिसात केली असती." ती खाली बघत होती. "तुमास्नी माझं बोलनं तसंच पायजे व्हतं. वहीसाठी."

ती खरं बोलत होती. मी तिला सुधारलं असतं, तर माझ्या तक्त्यातली धाकटी पिढी बिघडली असती.

मावशीनं तेवढं विचारलं, "काय लिवायचं व्हतं गं त्यात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हे तर मला बी आलं असतं की. आन् मला सही येत न्हाई." मग तिनं घमेलं उचललं आणि म्हशींकडे गेली.

तोडीच्या टोळ्या निघायच्या म्हणून, तुळशीच्या लग्नाची वाट न बघता, दिवाळीच्या आधीच नातीचं लग्न झालं आणि लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर तोडीवर गेली. मी लग्नाला होते. माझा प्रबंध मान्य झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी छावणीच्या तक्त्याचं विशेष कौतुक केलं. तीन पिढ्यांचं इतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं, असं ते म्हणाले. तिचं नाव त्यात नाही. 'स्त्री, वय १८, शिक्षण बारावी' एवढंच आहे. पुतण्याचा पेपर मी कुठेच वापरला नाही. तो माझ्या मांडणीत बसत नव्हता.

सहा-सात वर्षांनी मावशी गेली, तेव्हा दहाव्याला आमची भेट झाली. नात अंगणात भाकरी थापत होती. हातांना उसाच्या पाचटाचे चरे, कडेला एक मुलगी. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, "कशी हायेस गं? बरं चाललंय का?"

तिनं भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत, वर्गात धडा वाचावा तसं म्हणाली, "मी बरी आहे, आत्या. तुम्ही कशा आहात? आपण जेवून जा."

शेजारी तिची आई होती, जावा होत्या. त्यांच्याशी ती नेहमीसारखंच बोलत होती, हसत होती. माझ्याकडे वळली की तिच्या बोलण्यातला 'ण' आणि 'ह' पुन्हा जागेवर यायचा. एकही रूप चुकत नव्हतं. मी जेवले आणि दुपारच्या एसटीनं परत निघाले.